मदत हवी आहे: कुंकवाच्या डबीवर नक्की काय वाचायचं? रविवारी हळदीकुंकू आहे, लवकर सांगा

मीनल_ऐरोली
आईंच्या कपाळाला खाज येतेय, लाल झालंय. परवा कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की कुंकवात शिसं असतं, तेव्हापासून घरात तोच विषय. वाणासाठी जांभळी नाक्यावरून कुंकवाच्या छोट्या डब्या घाऊक आणल्यात. डबीवर 'हर्बल' लिहिलंय, बाकी काही नाही. शिसं आहे की नाही हे घटक वाचून कसं ओळखायचं? रविवारच्या आत उत्तर हवंय. 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू.

वेखंड
आई म्हणजे तुमच्या की सासूबाई? वय? कुंकू लावतात की टिकली? डबीचा फोटो टाका.

मीनल_ऐरोली
सासूबाई, ६८. त्याने काय फरक पडतो? प्रश्न डबीचा आहे.

मावशी_नौपाडा
सोप्पी युक्ती. चिमूटभर कुंकवावर लिंबू पिळा. पिवळं झालं तर हळदीचं, खरं. लालच राहिलं तर केमिकल. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या असंच बघतात. आणि बाजारचं कशाला आणायचं? हळकुंडं लिंबाच्या रसात भिजवा, टाकणखार आणि तुरटी घाला, सावलीत वाळवा आणि कुटा. मी गेल्या वर्षी सगळ्या सोसायटीला दिलं.

रबाळेकर
मावशी, तुमच्याच कृतीने केलेलं कुंकू तुमच्याच परीक्षेत नापास होईल. चुन्याने लाल केलेली हळद लिंबाने पिवळी होते, हे बरोबर. पण तुम्ही रंग आणताय टाकणखार आणि लिंबाने. आंबटपणातच आलेला तो लाल रंग लिंबाने कसा उतरेल? रंगाचं गोत्र कळलं तरी शिशाचं काहीच कळत नाही. हळद अस्सल आणि बरोबर शिसं, असंही होऊ शकतं.

मीनलताई, मी एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये धातूंचं काम बघतो. शिसं घटकांच्या यादीत सापडणार नाही. यादीत मुद्दाम घातलेली वस्तू येते. शिसं येतं ते खडूच्या भुकटीतली, खनिज रंगातली अशुद्धी म्हणून, नाहीतर कुणी स्वस्तात भडक केशरी रंगासाठी शेंदूरच मिसळला असेल तर. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. मिसळणारा ते छापत नाही. छापलंच तर सी.आय. ७७५७८ असा रंगाचा आकडा असेल. पाऱ्याच्या हिंगुळाचा ७७७६६. हे दोन दिसले तर डबी सरळ टाकून द्या. ७७४९१ म्हणजे लोहाचा लाल रंग, १५८५० म्हणजे कारखान्यातला सेंद्रिय लाल. हे दोन्ही सौंदर्यप्रसाधनांत सर्रास असतात, ते बघून घाबरू नका.

मीनल_ऐरोली
पण डबीवर यादीच नाही! मग नकली आहे का?

रबाळेकर
तेवढ्यावरून नकली म्हणता येणार नाही. घन पदार्थाचा पॅक ३० ग्रॅमपेक्षा लहान असला तर यादी छापण्यातून आपल्याकडे सूट आहे. वाणाची डबी पाच-दहा ग्रॅमची. म्हणजे जी डबी घरोघरी जाते तिच्यावरच वाचायला काही नाही. त्याऐवजी उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच नंबर बघा. हे तिन्ही नसेल तर घाऊक दुकानदाराने पोत्यातून सुटं भरलंय असं समजा.

मीनल_ऐरोली
'हर्बल', मागे कमळाचं चित्र, खाली एमआरपी. बस. पत्ता नाही.

भक्त_कोपरी
मारुतीला शेंदूर वाहतो तो शनिवारी तेलात कालवून. त्यात शिसं म्हणणारे धर्माविरुद्ध बोलतायत. आमच्या मंदिरात इतकी वर्षं लावतायत, कुणाला काही झालं नाही.

वेखंड
काका, मारुतीरायाला कुणी काही म्हटलेलं नाही. मूर्तीला शिसं बाधत नाही, लावणाऱ्याने हात धुतले की झालं. धागा कपाळाच्या कुंकवाचा आहे.

स्वराची_आई
रटगर्स विद्यापीठाचा २०१७ चा अभ्यास आहे. ११८ नमुने तपासले, त्यातले २३ भारतातून घेतलेले. त्या भारतीय नमुन्यांपैकी ४३ टक्क्यांत शिसं २० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत वीस भागांच्या, वर निघालं. म्हणजे जवळजवळ निम्मं कुंकू विषारी! मी घरातलं सगळं फेकलं.

रबाळेकर
आकडे बरोबर, निष्कर्ष थोडा पळतोय. ते नमुने सिंदूरचे होते, भांगात भरतात तो. आपल्या पिंजरीला ते आकडे जसेच्या तसे लावू नका. शिवाय '२० च्या वर' या एका रकान्यात २५ वालाही येतो आणि नुसता शेंदूरही. छोट्या चिमटीएवढं, साधारण ०.१ ग्रॅम धरू. २० पीपीएमच्या कुंकवात तेवढ्यात २ मायक्रोग्रॅम शिसं. शुद्ध शेंदरात नव्वद टक्के शिसंच असतं, म्हणजे तेवढ्याच चिमटीत ९० मिलिग्रॅम. पंचेचाळीस हजार पट. भीती त्या दुसऱ्याची धरा. आणि कपाळावरून हे शिसं अंगात फारसं शिरत नाही, ते पोटातून जातं. घरात बोटं चोखणारं मूल आहे का, हा खरा प्रश्न.

मीनल_ऐरोली
आहे. चौदा महिन्यांची. देवघरातला करंडा तिला फार आवडतो, परवा दोन्ही हात लाल करून बसली होती.

वेखंड
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना हो!

रबाळेकर
करंडा आज उंचावर ठेवा. बालरोगतज्ज्ञांशी बोलून रक्तातलं शिसं तपासून घ्या. रक्त शिरेतून काढायला सांगा. बोटाला टोचून काढलं आणि बोटावर कुंकवाचा कण असला तर आकडा खोटाच चढेल. आणि आईंच्या खाजेचा शिशाशी संबंध लावू नका. शिशाने सहसा खाज येत नाही. दोन वेगळी दुखणी एकाच डबीत कोंबली जातायत.

पूर्वा_नेरुळ
रबाळेकरांच्या शेवटच्या वाक्यासाठी शंभर लाइक. मी यातून गेलेय. मीनल, आई कुंकू लावतात की टिकली, याचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

मीनल_ऐरोली
टिकली लावतात आणि वरून कुंकू. घामाने कुंकू ओघळतं म्हणून. सगळ्याच बायका लावतात.

पूर्वा_नेरुळ
मग हे नीट बघ. लाली कुठे आहे? कुंकू सांडतं तिथे, म्हणजे भुवयांकडे, नाकाच्या शेंड्यापर्यंत पसरलेली? की टिकलीएवढीच गोल, कडा आखीव? आणि टिकली काढून उजेडात बघ, मधली कातडी फिकट दिसतेय का?

मीनल_ऐरोली
आत्ता बाल्कनीत बसवून बघितलं. लाल भाग गोलच आहे, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा. मध्ये फिकट आहे, पांढरट. त्या म्हणतात हे दिवाळीपासून आहे, टिकलीखाली झाकलं जातं म्हणून बोलल्या नाहीत.

पूर्वा_नेरुळ
मग कुंकवाआधी गोंदावर संशय घे. काही टिकल्यांच्या गोंदात पीटीबीपी नावाचं रसायन असतं, पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉल. त्याने दोन गोष्टी होऊ शकतात. एक, अ‍ॅलर्जी, म्हणजे खाज आणि लाली. दोन, रंग तयार करणाऱ्या पेशीच मरतात आणि टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडतो. खाज नसतानाही पडू शकतो. माझा डाग पडला तेव्हा घरात 'कोड आलं' म्हणून रडारड. त्वचारोगतज्ज्ञांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, टिकली कुठली.

माझी पॅच टेस्ट झाली. सोमवारी पाठीवर छोट्या चकत्यांमध्ये वेगवेगळी रसायनं चिकटवली, बुधवारी काढून बघितली, शुक्रवारी पुन्हा बघितली. मधे पाठ भिजवायची नाही. मी स्वतःची टिकलीची पाकिटं घेऊन गेले होते, ती पण लावली. गोंदाच्या राळेला सुजलं, कुंकवाला काहीच नाही. टिकली बंद केल्यावर रंग हळूहळू भरला, काही महिने गेले. सगळ्यांचा भरतोच असं नाही, म्हणून उशीर करू नका.

मावशी_नौपाडा
आम्ही मेण लावून त्यावर कुंकू लावायचो, कुठे काय झालं? ही गोंदाची फॅशनच वाईट.

पूर्वा_नेरुळ
मावशी, मेण चांगलं, पण कुंकवानेही होतं हो. काहींना त्यातल्या लाल रंगाची किंवा वासाची अ‍ॅलर्जी असते. त्यात सहसा डाग पांढरा न पडता उलट काळपट-तपकिरी पडतो. मीनलच्या सासूबाईंचा पांढरट आहे म्हणून मी गोंद म्हणतेय. तरी तपासल्याशिवाय ठाम सांगणार नाही, साधं कोडही असू शकतं.

स्वराची_आई
पण पाकिटावर 'मेडिकेटेड' लिहिलेल्या टिकल्या घेतल्या तर?

रबाळेकर
त्या शब्दाने गोंद कुठला ते कळत नाही. टिकलीच्या पाकिटावर गोंदाचं नाव मी तरी अजून पाहिलेलं नाही.

भक्त_कोपरी
केमचं कुंकू घ्या, करमाळा तालुक्यातलं. पंढरपूरला तिथूनच जातं.

रबाळेकर
केमला कुंकवाचे बरेच कारखाने आहेत, हे खरं. पण 'केमचं' म्हणून सुटं विकलेलं नक्की कुठल्या कारखान्यातलं ते दुकानदार सांगेल का?

मीनल_ऐरोली
टिकल्या बंद केल्या. आई रागावल्यात, सवाष्णीचं कपाळ मोकळं कसं ठेवायचं म्हणतात. गुरुवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ मिळालीय, पाकीट घेऊन जाऊ. बाळाचं रक्त उद्या. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे, डब्यांचं काय करू? तुमच्या लॅबमध्ये एक तपासून मिळेल?

रबाळेकर
आमच्याकडे खासगी नमुने घेत नाहीत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एनएबीएल मान्यतेच्या लॅब आहेत. विचारताना 'सौंदर्यप्रसाधनातलं शिसं, आयसीपी-एमएसवर' असं सांगा. 'हेवी मेटल टेस्ट' एवढंच म्हणालात तर जुन्या पद्धतीने सगळ्या धातूंचा एकत्रित अंदाज देतील. पण खर्च सगळ्या डब्यांच्या किमतीपेक्षा जास्त होईल आणि रविवारपर्यंत रिपोर्ट येणार नाही. पत्ता नसलेली डबी मी वाटली नसती. बिल असेल तर दुकानदाराकडे परत न्या, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात एक बंद डबी आणि बिलाची प्रत देऊन तक्रार करा.

मीनल_ऐरोली
बिल दिलंच नव्हतं.

वेखंड
मग वाण बदला. स्टीलच्या गाळण्या द्या, गोखले रोडला घाऊक मिळतात.

मावशी_नौपाडा
गाळण्या मागच्या वर्षी आमच्याकडे चार जणींनी दिल्या. सुपल्या द्या.