मदत हवी आहे: मुलाच्या बुक रिपोर्टमधले सात 'इंटरेस्टिंग' कसे बदलू?

कूलरसमोर_आई
नमस्कार मंडळी. मुलगा आठवीत, इथेच नागपुरात इंग्रजी माध्यमात आहे. सुट्टीत ताडोबाला जाऊन आल्यापासून वाघाचं वेड लागलंय, म्हणून जिम कॉर्बेटचं 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' आणून दिलं. कूलरसमोर लोळत चार दिवसांत संपवलं. शाळेला दीडशे शब्दांचा बुक रिपोर्ट द्यायचा होता, तो दिला. मॅडमनी परत पाठवलाय. 'इंटरेस्टिंग' सात वेळा आलंय, सातही ठिकाणी लाल गोल, आणि खाली लिहिलंय की नेमके शब्द वापर.

मी डिक्शनरी बघून त्याला तीन शब्द दिले: ग्रिपिंग, अ‍ॅब्जॉर्बिंग, थॉट-प्रोव्होकिंग. पोट्ट्याने काय करावं? पहिल्या गोलात पहिला, दुसऱ्यात दुसरा, तिसऱ्यात तिसरा, आणि परत पहिल्यापासून! आता मासेमारीचं प्रकरण 'ग्रिपिंग' झालंय आणि वाघिणीच्या तुटलेल्या दातांची माहिती 'अ‍ॅब्जॉर्बिंग'. वाचताना खटकतं, पण का खटकतं ते मला सांगता येत नाही. मी मराठी माध्यमातली. तो म्हणतो, "आई, सगळ्यांचा अर्थ इंटरेस्टिंगच आहे ना?" सोमवारी द्यायचंय. कोणी समजावून सांगाल का?

शब्दांचा_डबा
ताई, सोपं आहे. हे सगळे समानार्थीच आहेत, फरक फक्त जोराचा. इंटरेस्टिंग सगळ्यात फिकं, मग अ‍ॅब्जॉर्बिंग, मग ग्रिपिंग, सगळ्यात वर रिव्हेटिंग. पुस्तक जितकं आवडलं तितका वरचा शब्द घ्यायचा. शिवाय एन्थ्रॉलिंग, कॅप्टिव्हेटिंग, स्पेलबाइंडिंग आहेतच. आणि एक, या शब्दांच्या आधी 'व्हेरी' लावू नका, त्यांच्यात जोर आधीच असतो.

वर्धा_रोडवाला
आमच्या मुलीचंही हेच झालं होतं. पुस्तक परीक्षणात सगळीकडे 'छान' लिहिलं म्हणून दोन गुण कापले. मी तिला उत्कंठावर्धक, चित्तवेधक, हृदयस्पर्शी, उद्बोधक असे शब्द पाठच करून घेतले. तुमच्या मुलालाही पाठ करायला लावा. शुद्धलेखनाकडे मात्र लक्ष द्या, आमच्याकडे 'उत्कंठा' चुकला आणि त्याचा अर्धा गुण वेगळा गेला.

कूलरसमोर_आई
दादा, रिपोर्ट इंग्रजीचा आहे. पण तुमची यादी मराठीच्या पेपरला ठेवून घेते.

जामठा_स्टँड
शब्दांचा डबा, जोराचा फरक म्हणता ते नाही पटलं. क्रिकेटचं बघा. टी-ट्वेंटीची शेवटची ओव्हर, सहा चेंडूंत नऊ धावा. ती ग्रिपिंग. तुम्ही खुर्चीच्या कडेवर येता. आता टेस्टचा एखादा दिवस घ्या. दोन बॅट्समन नुसते खेळून काढताहेत, चेंडू हळूहळू वळायला लागलाय, स्कोअर फारसा हलत नाही. तरी तुम्ही जामठ्याच्या उन्हात पाण्याची बाटली भरायलासुद्धा उठत नाही. कॉमेंटेटर त्याला 'अ‍ॅब्जॉर्बिंग सेशन' म्हणतात, 'ग्रिपिंग' म्हणतीलच असं नाही. यात कमी-जास्त काही नाही, जातच वेगळी आहे.

निवृत्त_इंग्रजीवाले
जामठा स्टँड यांनी माझं अर्धं काम केलं. मी तीस वर्षं हेच लाल गोल काढत आलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या मुलाचा प्रश्न बरोबर आहे. या तिन्हींच्या पोटात 'इंटरेस्टिंग' आहे. पण 'इंटरेस्टिंग' एवढंच सांगतं की माझं लक्ष गेलं. ते कसं गेलं, हे सांगत नाही. बाकीचे शब्द ते सांगतात.

ग्रिप म्हणजे पकड, हे सायकलच्या हँडलवरून त्याला ठाऊकच असेल. पुढे काय होणार याची पकड बसते तेव्हा गोष्ट ग्रिपिंग. अ‍ॅब्जॉर्ब म्हणजे शोषून घेणं. वाचणारा त्या जगात असा मुरतो की घरच्यांच्या हाका ऐकू येत नाहीत. तिथे पुढे काही भयंकर घडायलाच हवं असं नाही, पुस्तक संथसुद्धा चालेल. थॉट-प्रोव्होकिंगची गंमत अशी की तो परिणाम बहुतेक वेळा पुस्तक मिटल्यावर सुरू होतो. डोक्यात एक प्रश्न राहतो आणि तो जात नाही.

तेव्हा त्याला शब्द देऊ नका, त्या त्या प्रकरणाबद्दल विचारा. पान उलटायची घाई झाली होती का? आईची हाक चुकली का? वाचून झाल्यावर कोणता प्रश्न राहिला? जिथे 'हो' येईल तिथला शब्द आपोआप ठरतो. तिन्हींना 'नाही' असेल तर वेगळा शब्द शोधायचा. याच पुस्तकात कॉर्बेटच्या रॉबिन नावाच्या कुत्र्यावरचं प्रकरण आहे, तिथे कदाचित 'टचिंग' बसेल.

आणि शब्द लिहिला की लगेच 'बिकॉज' लिहायला लावा. त्यापुढचं कारण कुठल्याही पुस्तकाला चिकटत असेल, म्हणजे 'कारण गोष्ट खूप चांगली आहे' छाप असेल, तर शब्द बदलूनही लाल गोल जाणार नाही.

'व्हेरी'बद्दल शब्दांचा डबा यांचं बरोबर आहे. 'व्हेरी ग्रिपिंग' व्याकरणाने चूक नाही, पण शब्द उलट पातळ होतो.

तर्री_जास्त
काहून एवढं करून राह्यले? इंटरेस्टिंग लिहिलं तं काय पाप केलं का पोट्ट्यानं? माझ्या भाच्याला शाळेनं असाच शब्दांचा तक्ता दिला होता. त्यानं बँकेच्या पासबुकाची माहिती 'स्पेलबाइंडिंग' लिहून दिली. मॅडमलाच हसू आलं. साधा शब्द बरा बाप्पा.

निवृत्त_इंग्रजीवाले
तुमच्या भाच्याचं उदाहरण मी वर्गात वापरलं असतं! आणि तुमचा मुद्दा खरा आहे, 'इंटरेस्टिंग'वर बंदी नको. एखादी माहिती नवी आहे, कुतूहल वाटलं, बस इतकंच असेल, तर तोच नेमका शब्द आहे. सातांपैकी एखादा राहू द्या.

कूलरसमोर_आई
सर, काल रात्री तुमचे प्रश्न विचारत बसले. मजा आली, म्हणून सगळं लिहिते.

चंपावतच्या वाघिणीचं प्रकरण (436 माणसं मारल्याची नोंद असलेली ती वाघीण, 1907 मध्ये मारली गेली) त्याने एका बैठकीत वाचलं होतं. शेवटी कॉर्बेटची काडतुसं संपतात आणि तो तहसीलदाराची बंदूक घ्यायला धावतो, तिथे म्हणे त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं होतं. ते मला आठवतंय, वरणावर साय धरली होती! ते झालं ग्रिपिंग.

मासेमारीचं प्रकरण म्हणजे 'द फिश ऑफ माय ड्रीम्स'. मी विचारलं, पुढे काय होईल अशी घाई झाली होती का? म्हणाला, नाही, पण संपूच नये असं वाटलं. नदी, महसीर मासा, आजूबाजूचं जंगल. कूलरमधलं पाणी संपलं तेही कळलं नाही त्याला, ते मलाच दिसलं. म्हणजे अ‍ॅब्जॉर्बिंग?

अडलं ते दातांवर. त्या वाघिणीचे उजवीकडचे वरचा आणि खालचा सुळे तुटलेले होते. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. मी म्हटलं ही नुसती माहिती आहे, इथे इंटरेस्टिंग राहू दे. तो म्हणतो, नाही, इथे थॉट-प्रोव्होकिंग हवं.

आणि एक नवीन घोळ. त्याने लिहिलंय 'आय वॉज व्हेरी ग्रिपिंग'. हे चूक आहे एवढं मलाही कळतं.

निवृत्त_इंग्रजीवाले
मासेमारीला अ‍ॅब्जॉर्बिंग अगदी बरोबर. 'संपूच नये' हे त्याने बोललेलंच 'बिकॉज'च्या पुढे लिहू द्या.

घोळाचं सांगतो. गोष्ट खिळवून ठेवणारी, मुलगा खिळून गेलेला. गोष्टीला 'इंग', माणसाला 'एड'. म्हणून 'द स्टोरी वॉज ग्रिपिंग' पण 'आय वॉज ग्रिप्ड'. पुस्तक अ‍ॅब्जॉर्बिंग, आणि मी त्यात 'अ‍ॅब्जॉर्ब्ड'. पहिल्या मसुद्यात 'आय वॉज इंटरेस्टिंग' आहे का तेही बघा, या वयात हमखास सापडतं. थॉट-प्रोव्होकिंगला मात्र माणसाचं असं रूप नाही. तिथे 'इट मेड मी थिंक अबाउट' लिहून पुढे तो विचार लिहावाच लागतो. म्हणून मला तो शब्द आवडतो, त्यात लपता येत नाही.

दातांबद्दल त्यालाच विचारा, कोणता विचार आला? नुसतं 'दात तुटले होते' असेल तर तुमचं बरोबर.

कूलरसमोर_आई
'आय वॉज इंटरेस्टिंग' सापडलं, पाचवा गोल!

दातांबद्दल त्याचं म्हणणं असं. ते दात जुन्या गोळीच्या जखमेने तुटले, म्हणून तिला जंगलातली नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांवर आली. म्हणजे आधी कोणीतरी तिला जखमी करून सोडून दिलं. मग 436 माणसांचा दोष वाघिणीचा की त्या बंदूकवाल्याचा? हे त्याने मला कूलरमध्ये पाणी भरता भरता विचारलं. मला उत्तर आलं नाही.

जामठा_स्टँड
ताई, तुम्ही हरलात. थॉट-प्रोव्होकिंग द्या त्याला.

शब्दांचा_डबा
मान्य, जोराचं माझं चुकलं. पण एक शंका. एन्ग्रॉसिंग आणि अ‍ॅब्जॉर्बिंग यात तरी काय फरक? मला दोन्ही एकच वाटतात.

निवृत्त_इंग्रजीवाले
या दोघांत मीही मुलांना कधी फरक करायला लावला नाही. काही जण करतात, मला तो ताणलेला वाटतो. आठवीसाठी एक पुरे.

वर्धा_रोडवाला
शेवटच्या प्रकरणात कॉर्बेट बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याने वाघ टिपण्याबद्दल लिहितो ना? थॉट-प्रोव्होकिंग तिथे जास्त शोभेल. दोनदा वापरला तर परत गोल येईल.

कूलरसमोर_आई
ते 'जस्ट टायगर्स'. त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, तिथे मला प्रश्न पडलाच नाही, पटलंच लगेच. म्हणून शब्द दातांकडेच राहिला. तिथे काय लिहायचं ते अजून ठरलं नाही.

दातांचा परिच्छेद आता असा आहे, मराठीत सांगते: 'सर्वांत विचार करायला लावणारा भाग तिच्या दातांचा आहे, कारण ते माणसाच्या गोळीने तुटले होते, आणि मला कळत नाही की नरभक्षक कोणी तयार केला.' सातांपैकी एक 'इंटरेस्टिंग' ठेवलाय, कॉर्बेट पायाच्या ठशांवरून वाघाबद्दल काय काय ओळखतो त्या वाक्यात. पण रिपोर्ट दोनशे बारा शब्दांवर गेलाय आणि मर्यादा दीडशेची. रॉबिन कापू म्हटलं तर रुसून बसलाय.

तर्री_जास्त
रॉबिनले नका कापू. सुरुवातीला लेखक कुठं जन्मला, कधी जन्मला ते लिहिलं असन ना, ते कापा.

कूलरसमोर_आई
लिहिलंय! चाळीस शब्द आहेत त्याचे. बाकीचे बावीस शोधते.