विषय: पोटभाडेकरूबाबत अंतिम लेखी ताकीद – मसुदा कोणी तपासून देईल का?

प्रेषक: मंजिरी

सर्व सभासदांस नमस्कार,

माझी सदनिका मी एका जोडप्याला भाड्याने दिली आहे. मार्च महिन्यात त्यांनी ती अल्पकालीन मुक्कामासाठी एका संकेतस्थळावर परस्पर जाहीर केल्याचे लक्षात आले, तेव्हा मी ईमेल केले आणि त्यांनी क्षमा मागून जाहिरात काढली. ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांनी कळवले की तिथे आता तिसरीच एक व्यक्ती राहते आणि पत्रपेटीवरही तिचे नाव लागले आहे. भाडेकराराच्या चौदाव्या कलमात पोटभाडेकरू ठेवण्यास स्पष्ट मनाई आहे. मी पुढील मजकूर लिहिला आहे: 'आपण वारंवार कराराचा भंग करीत आहात. ही आपणांस अंतिम ताकीद असून पुन्हा असे घडल्यास गंभीर परिणाम होतील.' एवढे पुरेसे आहे का?

मंजिरी

प्रेषक: श्रीकांत

मंजिरीताई, एवढी सौम्य भाषा कशासाठी? अंतिम ताकीद दिली म्हणजे करार संपलाच. अनामत रक्कम दंड म्हणून ठेवून घ्यावी आणि महिनाअखेरीस कुलूप बदलावे. मात्र पत्रात कलमाचा क्रमांक अवश्य घालावा, कारण त्याशिवाय अशा पत्राला काही वजन राहत नाही.

श्रीकांत

प्रेषक: विद्या

मंजिरी,

कलमाच्या क्रमांकाबद्दल श्रीकांत यांचे म्हणणे बरोबर आहे, मात्र उरलेला सल्ला कृपया अमलात आणू नकोस. ताकीद म्हणजे करार संपवल्याची सूचना नव्हे. ती भंग दुरुस्त करण्याची शेवटची संधी असते, आणि दुरुस्ती झाली नाही तर पुढची वेगळी सूचना कशाच्या बळावर द्यायची ते तिच्यावरून ठरते. न्यायालयाचा आदेश नसताना कुलूप बदलणे बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे, आणि तसे केल्यास दोषी भाडेकरू एका रात्रीत फिर्यादी होतो. अनामत रकमेतून काय वळते करता येते हेही करार आणि कायदा ठरवतो; रागाच्या भरात ठरवण्याची ती बाब नाही.

तुझ्या मसुद्याचा खरा दोष वेगळाच आहे. 'वारंवार' म्हणजे कधी, 'असे' म्हणजे काय आणि 'गंभीर परिणाम' म्हणजे कोणते, हे त्यातून कळत नाही. उद्या प्रकरण पुढे गेले, तर आपल्याला नेमके काय थांबवायला सांगितले होते ते समजलेच नाही, असे भाडेकरू म्हणू शकेल. चौदाव्या कलमाचा संपूर्ण मजकूर, भंगाच्या उपायाचे कलम आणि सूचना बजावण्याचे कलम, ही तिन्ही मला पाठव. भाडेकरारावर सह्या किती जणांच्या आहेत आणि सप्टेंबरचे भाडे घेतलेस का, हेही कळव.

विद्या

प्रेषक: हेमंत

नमस्कार. हा धागा वाचून मला काळजी वाटू लागली आहे. मी स्वतः भाडेकरू असून पुढील महिन्यात माझे सासू-सासरे दीर्घ मुक्कामासाठी येत आहेत. माझ्या करारातही हेच कलम दिसते. मग मलाही घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी लागेल का?

हेमंत

प्रेषक: मंजिरी

विद्याताई,

कलम 14: 'भाडेकरू घरमालकाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय जागा किंवा तिचा कोणताही भाग पोटभाड्याने देणार नाही, तसेच तिचा ताबा अन्य व्यक्तीकडे सोपवणार नाही.' कलम 21 मध्ये लेखी सूचना पोचल्यापासून 14 दिवसांत भंग दूर करण्याची मुदत आहे. कलम 26 प्रमाणे सूचना नोंदणीकृत टपालाने त्या जागेच्या पत्त्यावर पाठवायची असून, टाकल्यापासून तिसऱ्या दिवशी ती पोचली असे मानले जाते. सह्या पती-पत्नी दोघांच्या आहेत. मार्चमधला ईमेल मी केवळ पतीला केला होता. सप्टेंबरचे भाडे 1 तारखेला नेहमीप्रमाणे खात्यात जमा झाले आहे.

मंजिरी

प्रेषक: विद्या

हेमंत, तुमचे सासू-सासरे पाहुणे आहेत. तुम्ही स्वतः घरात राहता, घराचा ताबा तुमच्याकडेच आहे आणि त्यांच्याकडून भाडे घेत नाही, त्यामुळे हे कलम सहसा लागू होत नाही. तरी पाहुण्यांच्या मुक्कामाला मर्यादा घालणारे वेगळे कलम तुमच्या करारात असेल, तर ते पाहून घ्या.

मंजिरी, हाच फरक तुझ्या प्रकरणातही कळीचा आहे. तुझे भाडेकरू 'तो आमचा मित्र आहे' असे म्हणणार हे गृहीत धर. म्हणून ते दोघे तिथे अजून राहतात का आणि किल्ल्या कोणाकडे आहेत, हे आधी पाहा. मात्र पूर्वसूचना न देता आत जाऊ नकोस. पत्रपेटीचे छायाचित्र आणि मार्चमधल्या जाहिरातीची दिनांकासह प्रत जपून ठेव. अंदाज हे सत्य म्हणून लिहू नकोस. 'तिसरी व्यक्ती राहते' एवढे दिसले असेल तर तेवढेच लिही आणि ती कोणत्या नात्याने राहते याचा लेखी खुलासा माग.

मार्चचा ईमेल कलम 26 प्रमाणे बजावलेला नाही आणि पत्नीला तर पोचलेलाच नाही. त्यामुळे त्याला 'पहिली ताकीद' म्हणू नकोस. भाडेकरूला मनाई ठाऊक होती आणि त्याने जाहिरात काढली, एवढ्याचाच पुरावा म्हणून त्याचा उल्लेख कर.

भाड्याचा मुद्दा नाजूक आहे. भंग कळल्यावरही मुकाट्याने भाडे घेत राहिले, तर झालेला भंग घरमालकाने चालवून घेतला असा अर्थ अनेक ठिकाणी काढला जातो. 'हक्क राखून भाडे स्वीकारत आहे' असे लिहिल्याने बचाव होतोच असे नाही. तेव्हा पुढील भाडे येण्याआधी स्थानिक वकिलाला हा एकच प्रश्न विचार.

विद्या

प्रेषक: मंजिरी

सुधारलेला मजकूर असा आहे. पत्र 4 सप्टेंबरला टपालात टाकीन, म्हणजे 7 तारखेला पोचले असे मानले जाईल आणि 14 दिवस 21 तारखेला पुरे होतील. वाद नको म्हणून मी मुदत 23 तारखेची दिली आहे.

'प्रति, (दोन्ही भाडेकरूंची नावे). विषय: भाडेकराराच्या कलम 14 चा भंग – अंतिम लेखी ताकीद. 9 मार्च रोजी सदर जागा अल्पकालीन मुक्कामासाठी जाहीर केल्याचे आढळले. मी त्याच दिवशी ईमेलने हरकत कळवल्यावर आपण जाहिरात मागे घेतली. 24 ऑगस्टपासून आपल्याव्यतिरिक्त एक व्यक्ती तेथे राहत असल्याचे व पत्रपेटीवर तिचे नाव असल्याचे आढळले आहे. मी यास लेखी संमती दिलेली नाही. कलम 14 चा मजकूर सोबत जोडला आहे. 23 सप्टेंबरपर्यंत सदर व्यक्तीच्या वास्तव्याचे स्वरूप लेखी कळवावे आणि ते पोटभाड्याचे असल्यास त्याच मुदतीत संपवावे. तसे न झाल्यास, किंवा यापुढे पुन्हा असा भंग झाल्यास, करार संपवण्याची स्वतंत्र सूचना देण्याचा हक्क मी राखून ठेवते.'

मंजिरी

प्रेषक: श्रीकांत

माझा आग्रह मी मागे घेतो असे नाही, कारण अशा भाडेकरूला 23 तारखेपर्यंत वेळ देणे म्हणजे त्याला नवी सबब शोधायला सवड देणे आहे. तरी त्या तिसऱ्या व्यक्तीलाच थेट पत्र पाठवून बाहेर पडायला का सांगू नये?

श्रीकांत

प्रेषक: विद्या

श्रीकांत, मंजिरीचा करार त्या व्यक्तीशी झालेलाच नाही. तिला थेट पत्र पाठवले किंवा तिच्याकडून भाडे घेतले, तर मंजिरीने तिला भाडेकरू म्हणून स्वीकारले असा दावा उभा राहू शकतो.

मंजिरी, मसुदा आता पाठवण्याजोगा आहे. फक्त दोघांच्या नावे स्वतंत्र पाकिटे टाक आणि दोन्ही पावत्या जपून ठेव. पोटभाडेकरूला घर सोडायला तुमच्याकडील कायद्याने अधिक मुदत दिली असेल, तर 14 दिवस वाजवी ठरतील का याबद्दल मला खात्री नाही. वकिलाकडे जाशील तेव्हा हा प्रश्नही विचारून घे.

विद्या