अनुभव धागा: गाडी चालवताना लागलेली डुलकी (आणि "कॉफी घेतलीय, काही होत नाही")

मेघना_का
काल रात्री भाच्याचा मेसेज आला, "मावशी आत्ताच निघतोय, कॉफी घेतलीय, काळजी करू नकोस". वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण हेच वाक्य मी आधी ऐकलंय. लग्नाहून परत येत होतो, दीर चालवत होते, मी शेजारी, मागे सगळे गाढ झोपलेले. पहाटेची वेळ. वाटेत थांबून दिरांनी मोठा कप कॉफी घेतली आणि लगेच निघालो. थोड्याच वेळात गाडी अगदी सावकाश डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं लेन बदलतायत. टायर कडेच्या पट्ट्यांवर गेले आणि खडखड आवाज आला तेव्हा त्यांच्याकडे बघितलं, तर डोळे उघडे! हात स्टीअरिंगवर, नजर समोर, पण माणूस तिथे नाहीच. मी ओरडले तसं त्यांनी गाडी वळवली आणि म्हणाले "अगं झोपलो नव्हतो, विचारात होतो". आजही तेच म्हणतात. तुमच्यापैकी कुणाला असं काही दिसलंय का, आधी काय जाणवलं होतं, लिहा प्लीज. भाच्याला सगळा धागा पाठवणार आहे.

रात्रपाळीवाली
नर्स आहे, नाइट करून सकाळी स्वतः गाडी चालवत घरी येते. माझी खूण म्हणजे आठवत नाही. मधला पूल गेला का अजून यायचाय, हेच कळत नाही. जांभया तर ड्युटीवरही येतात, त्यांचं मला काही वाटत नाही, पण रस्त्याचा तुकडा डोक्यातून गायब झाला की मी थांबतेच. दुसरी खूण म्हणजे स्पीड, आपोआप कमी होतो आणि मग दचकून जास्त दाबला जातो. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय

हायवे_किंग
एवढं घाबरायचं कारण नाही. काच खाली करायची, तोंडावर गार पाणी मारायचं, गाणी फुल्ल. आणि कॉफी एक नाही दोन घ्यायच्या. वर्षानुवर्षं रात्रीचंच चालवतोय, रात्री रस्ता मोकळा असतो. हां, सलग मात्र चालवायचं नाही, दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायचे.

सुलभाताई
मला तर संध्याकाळी पाचनंतर कॉफी घेतली की रात्रभर टक्क जागी. कुणाकडे काही उपाय आहे का? गरम दूध करून झालं.

वायरीवाला
झोपेच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, लोकांच्या डोक्याला वायरी लावून रात्रभर स्क्रीन बघत बसतो, म्हणून थोडं लांबण लावतो. मेघनाताई, तुमचे दीर खोटं बोलत नाहीयेत. झोप लागून एखादा मिनिट झालेल्या माणसाला हलवून उठवलं तर बरेच जण शपथेवर सांगतात की जागाच होतो. डुलकी तर काही सेकंदांचीच असते, तिची आठवण राहत नाही, आणि डोळे उघडे असतानाही ती लागू शकते. 90 च्या स्पीडला गाडी सेकंदाला 25 मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे 100 मीटर गाडी कुणीच चालवत नाहीये. म्हणून अशा अपघातात बरेचदा ब्रेक मारल्याच्या खुणाच नसतात.

आता कॉफी. ती पोटात गेल्यापासून नीट असर व्हायला साधारण 20 ते 30 मिनिटं लागतात. समजा पहाटे साडेतीनला कप संपवला आणि लगेच निघालात, तर चार वाजेपर्यंत 90 ने 45 किलोमीटर जाल, आणि हे सगळं अंतर तुम्ही जवळपास कॉफीशिवायच चालवताय, तेही रात्रीच्या सगळ्यात वाईट वेळी. पहाटे 2 ते 6 शरीर झोपच मागतं. (दुपारी जेवणानंतरही एक छोटा उतार असतो, तो लोक विसरतात.)

दुसरं म्हणजे कॉफी झोप भरून काढत नाही. जागं राहिलं की मेंदूत झोपेचं ओझं साठत जातं, कॉफी फक्त त्याची जाणीव अडवते, ओझं तिथेच असतं. ब्रिटनमध्ये रेनर आणि हॉर्न यांनी लोकांना पहाटे ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर बसवून बघितलं होतं. आदल्या रात्री पाच तास झोपलेल्यांना 200 मिलिग्रॅम कॅफिन, म्हणजे साधारण दोन कप, जवळपास दोन तास पुरलं. जे अजिबात झोपले नव्हते त्यांना तेवढंच कॅफिन जेमतेम अर्धा तास. हायवे_किंग, काच आणि गाण्यांचंही त्याच दोघांनी तपासलंय, फरक पडतो तो थोडा आणि थोड्याच वेळापुरता.

हायवे_किंग
सिम्युलेटर वेगळा आणि रस्ता वेगळा भाऊ. खऱ्या रस्त्यावर जिवाची भीती असते, त्यानेच माणूस जागा राहतो.

वायरीवाला
भीतीने जागं राहता आलं असतं तर मेघनाताईंच्या दिरांना डुलकी लागलीच नसती, मागे सगळं घर होतं. दोन तासांनी थांबायचं तुमचं बरोबर आहे, पण पाय मोकळे करून झोप जात नाही. थांबलाच आहात तर कप संपवा, सीट मागे करा आणि 15-20 मिनिटांचा अलार्म लावून डोळे मिटा. नुसतं पडलात, पेंग आली तरी चालेल. उठेपर्यंत कॉफी चढलेली असते आणि थोडी झोपही पदरात पडते. अर्ध्या तासाच्या वर नको, गाढ झोपेतून उठलं की डोकं जड राहतं. उठल्यावरही पाच-दहा मिनिटं उतरून फिरा, मग किल्ली लावा. आणि रात्रभर जागे असाल तर हेही थोडंच पुरतं, चालवणारा बदला नाहीतर मुक्काम करा.

स्वराली_म
सांगायला सोपं आहे. एकटी बाई पहाटे गाडी बाजूला लावून सीट मागे करून झोपणार कुठे? मला तर आतून लॉक करूनही डोळा लागणार नाही.

रात्रपाळीवाली
+1 स्वराली. मी पेट्रोल पंपाच्या उजेडात, कॅमेऱ्याखाली लावते आणि घरी लोकेशन पाठवते. पण दर वेळी पंप सापडतोच असं नाही. हायवेच्या कडेला मात्र कधीच लावू नका, मागून येणारा पण पेंगत असू शकतो

कोपऱ्यातला_वाचक
आमच्या बाबांचं वेगळंच. रात्री पूर्ण आठ तास झोप, तरी दिवसा सिग्नलला गाडी थांबली की मान खाली. मागचा हॉर्न वाजवायचा तेव्हा जागे. सगळे वय झालं म्हणायचे, आणि ते कॉफी वाढवत गेले. आईने शेवटी डॉक्टरांना सांगितलं की हे प्रचंड घोरतात आणि मधेच श्वास थांबतो. तपासणी केली तर स्लीप अ‍ॅप्निया, झोप रात्रभर तुटत होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. आता मशीन लावून झोपतात. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली आईकडे होती, त्यावरून घरात जे महाभारत झालं ते वेगळ्या धाग्याचा विषय आहे

सुलभाताई
अय्या, आमचे हे पण तसेच घोरतात. हे मशीन आवाज करतं का हो?

कोपऱ्यातला_वाचक
घोरण्यापेक्षा कमी 🙂 पण आधी तपासणी करून घ्या काकू, काका गाडी चालवतात का?

निनाद७
सर्दीच्या गोळ्यांचं कुणीच कसं लिहिलं नाही? मित्र एक गोळी घेऊन निघाला, वर कॉफी प्यायला म्हणजे हिशोब बरोबर. तासाभराने बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडून गप्प झाला. मी हाक मारली तर "काय म्हणत होतो मी?" तिथेच किल्ली घेतली त्याच्याकडून. गोळीच्या पाकिटावर झोप येते असं लिहिलेलंच होतं.

मेघना_का
वाक्य अर्धवट सोडणं!! दीरही गप्प झाले होते, आणि मी त्यांना शांतता हवी असेल म्हणून बोलले नव्हते. म्हणजे शेजारच्याने झोपायचं नाही आणि बोलतं ठेवायचं?

वायरीवाला
शेजारी जागं असणं चांगलंच, पण बोलतं ठेवून झोप टळत नाही, फक्त तुम्हाला लवकर कळतं. उत्तरं उशिरा किंवा तुटक यायला लागली की पुढच्या सुरक्षित जागी थांबवा. "झोप येतेय का?" असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात.

स्वराली_म
कॉफी नाही आवडत, चहा चालेल का?

वायरीवाला
चालेल, पण एका कपात कॅफिन साधारण निम्मं, म्हणून जास्त लागेल. आणि फार गरम नको, फुंकर मारत अर्धा तास गेला तर झोपायला वेळच उरत नाही.