'धडक', 'टक्कर' की आणखी काही? रोबोट थांबल्यावर फलकावर काय लिहावं

वेर्णा_पॅकिंग
आमच्या वेर्ण्याच्या युनिटमध्ये लाईनच्या शेवटी खोकी रचणारा छोटा रोबोट आहे. कुंपण नाही, माणसं शेजारीच काम करतात. कोणाला लागला की थांबतो. वेगळा सेन्सर नाही, मोटरच्या करंटवरून त्याला कळतं. पडद्यावर `Collision detected` येतं, म्हणून मराठी सूचनापत्रात मी 'धडक ओळखली' असं लिहिलं. पण सोमवारी सकाळी जवळपास कोणी नसतानाही तेच येतं आणि पोरं विचारतात, धडक कुठे झाली? दुसरा शब्द सुचवा. 'रोबोटचा हात' म्हटलं की 'हात हाताला लागल्यास' असली वाक्यं होतात, त्याचंही काही करता आलं तर बघा.

म्हापशाची_वाचक
दोन्हीकडचे चालते असले तर टक्कर, एकाने दुसऱ्याला दिली तर धडक. त्यामुळे तुमचा शब्द बरोबर आहे. 'हाता'ऐवजी 'भुजा' चालेल. पण करंटवरून माणूस कळतो म्हणजे माणसाला करंट लागतो का? मग आधी 'शॉकचा धोका' लिहा!

वेर्णा_पॅकिंग
नाही हो ताई, शॉक नाही. मोटर किती करंट ओढते एवढंच तो बघतो. आणि 'भुजा' लिहिलं तर पोरं हसतील.

डिचोलीकर
सोपं आहे. अडलं की मोटर जास्त करंट ओढते, ठरलेल्या आकड्यावर गेली की बंद. खाणीवरच्या आमच्या पट्ट्याच्या मोटरला ओव्हरलोड होता, तसंच हे. 'जादा भार' लिहून टाका.

जुना_सर्व्हिसवाला
डिचोलीकर, निम्मं बरोबर. नुसता करंट बघून भागत नाही. हा रोबोट वेग घेताना आणि खोकं उचलताना तसाही भरपूर करंट ओढतो. मर्यादा त्याच्या वर ठेवली, तर सावकाश चालताना तो तेवढा सगळा जोर माणसावर लावून मोकळा होईल. म्हणून कंट्रोलर आधी हिशेब करतो: या स्थितीत, या वेगाला, हे वजन धरून किती जोर लागायला हवा. मोजलेल्या करंटवरून निघालेला जोर आणि हा हिशेब यातला फरक वाढला की थांबतो. त्याला माणूस कळत नाही, धडकही कळत नाही. मी 'अनपेक्षित जोर' लिहीन.

फरक आकड्यात बघा, मांडणीसाठी सोपे आकडे घेतो. मोटर एका अँपिअरला 0.1 न्यूटन-मीटर देते आणि गिअर 100 पट आहे, तर सांध्यावर एका अँपिअरमागे साधारण 10 न्यूटन-मीटर, घर्षणात जातं ते वजा. मर्यादा 15 असेल, तर सांध्यापासून 75 सेंटिमीटरवर 20 न्यूटनला थांबेल. तोच माणूस 15 सेंटिमीटरवर सापडला तर 100 न्यूटन लागतील. आणि जोर थेट सांध्याच्या रेषेत आला तर त्या सांध्याला काहीच दिसत नाही. पडद्यावर मर्यादेचा एकच आकडा असला, तरी अंगावर येणारा जोर जागोजागी वेगळा असतो.

फोंडा_नर्स
काका, तुम्ही आत्ता 'सापडला' म्हटलंत, तोच शब्द घ्या ना. मशीनमध्ये बोट गेलेले पेशंट येतात तेव्हा कोणी 'धडक बसली' म्हणत नाही, 'हात सापडला' म्हणतात. धडक बसते आणि सुटते. सापडलेला हात सुटत नाही.

जुना_सर्व्हिसवाला
ताई, तुम्ही नेमका फरक पकडलात. माणसांशेजारी चालणाऱ्या रोबोटांसाठीचं 2016 चं मानक, ISO/TS 15066, हे दोन वेगळेच धरतं. हात-बोटं दाबून धरली गेली तर 140 न्यूटनपर्यंत, क्षणिक धडकेला त्याच्या दुप्पट. चेहऱ्याला क्षणिक धडकेची सूटच नाही.

करंटवाली पद्धत धडकेला फारशी वाचवत नाही. फरक दिसून ब्रेक लागेपर्यंत पहिला ठोसा बसून गेलेला असतो. तिथे वेग कमी ठेवणं आणि कडा मऊ करणं हेच कामाला येतं. सापडलेल्या हाताला मात्र ती वाचवते, कारण जोर वाढत जातो तो वेळेत अडवता येतो. पण नुसतं थांबून चालत नाही. ब्रेक लागून तसाच उभा राहिला तर हात दाबलेलाच राहतो. थोडं मागे सरकणं किंवा सांधे सैल सोडणं सेट केलंय का, ते बघा. सूचनापत्रात 'थांबतो' एवढंच लिहू नका.

वेर्णा_पॅकिंग
मागे सरकतो का ते बघतो. पण सोमवारचं काय? सुपरवायझर म्हणतो, मर्यादा 15 ची 25 कर, कटकट संपेल.

जुना_सर्व्हिसवाला
थांब, करू नकोस. आधी फरक कशाचा आहे ते शोध. गिअरमधलं ग्रीस दोन दिवस उभं राहून थंड झालं की घर्षण वाढतं, आणि तुमच्या एसी हॉलमध्ये ते होणारच. खूण अशी: तोच मार्ग, तोच वेग, फक्त उलट दिशेने चालव. दिशा बदलली की फरकाचं चिन्हही बदललं, तर घर्षण. दोन्ही दिशांना फरक एकाच बाजूला राहिला, तर वजन चुकीचं भरलंय. एकाच जागी उसळी येत असेल, तर तिथे हवेची नळी किंवा केबल ताणली जात असेल. लॉग काढून बघ.

वेर्णा_पॅकिंग
काढला. दुसऱ्या सांध्यावर दोन्ही दिशांना फरक वरच्याच बाजूला, साधारण 7. सकाळी त्यावर आणखी थोडा चढतो आणि तो दिशेबरोबर चिन्ह बदलतो. आठवलं, मागच्या महिन्यात पकड बदलली. नवी 800 ग्रॅम जास्त आहे, सेटिंगमध्ये जुनंच वजन.

जुना_सर्व्हिसवाला
जुळलं. 0.8 किलो, 90 सेंटिमीटरवर, म्हणजे 7 न्यूटन-मीटर. मर्यादेतले निम्मे तिथेच गेले, वर सकाळचं घर्षण, म्हणून वर जाताना उगाच थांबायचा. पण याची दुसरी बाजू बघ. रोबोट खाली येऊन टेबलावरच्या हातावर टेकला, तर हात त्याला वर ढकलतो, मोटरला कमी जोर लागतो, आणि आधीचे 7 खर्ची पडून मग उलटे 15 व्हावे लागतात. म्हणजे 15 ऐवजी 22 ला थांबणार. जिथे हात सापडतो त्याच दिशेला तो आंधळा झाला होता. सुपरवायझरने 25 केली असती तर 32.

डिचोलीकर
म्हणजे उगाच थांबतो म्हणून मर्यादा वाढवायची आणि खरं तर दुसऱ्या बाजूला तो थांबतच नाही. आमचा पट्टा बरा होता.

वेर्णा_पॅकिंग
वजन दुरुस्त केलं. आता सोमवारी पहिले काही फेरे रिकामे आणि संथ चालवतो, मग कामाला लावतो. तरी एकदा थांबलाच. फलकावर 'अनपेक्षित जोर: रोबोट थांबला' लिहिलं, खाली 'हात सापडला असेल तर ढकलू नका, सुटकेचं बटण दाबा'. 'रोबोटचा हात' काढूनच टाकलं, नुसता 'रोबोट'.

म्हापशाची_वाचक
'सुटकेचं बटण' छान. पण पाहुण्यांना 'अनपेक्षित जोर' कळणार नाही. 'धडक' लिहिलं की निदान लांब उभे राहतात.

जुना_सर्व्हिसवाला
पाहुण्यांसाठी वेगळा फलक लावा. ऑपरेटरला 'धडक' सांगितलं तर कोणी दिसलं नाही की तो लॉग न बघताच पुन्हा चालू करतो. आणि वजन दुरुस्त केलंस, आता टेबलाजवळ जोर मोजायच्या यंत्राने प्रत्यक्ष मोजून घे. पडद्यावरचा आकडा हा रोबोटचा स्वतःचा अंदाज आहे. 140 च्या आत आहे की नाही हे बाहेरून मोजल्याशिवाय कळायचं नाही.

वेर्णा_पॅकिंग
यंत्र आमच्याकडे नाही. गोव्यात कोणाकडे भाड्याने मिळतं का?