आठ दिवसांनी रेंज आली. ग्रुपवर माझ्या नावावर काय काय पडलंय, ते कसं शोधू?

डोंगरवाट
हर की दूनचा ट्रेक करून काल रात्री पुण्यात उतरलो. सांकरी सोडल्यापासून फोन नुसता घड्याळ म्हणून खिशात होता. आता व्हॉट्सअॅपवर सोसायटीच्या ग्रुपचे ६१२, मुलीच्या शाळेच्या पालकांचे ३४०. भावंडांच्या ग्रुपचं विचारूच नका. मी सोसायटीचा खजिनदार, त्यामुळे त्या ६१२ मध्ये माझ्याकडे काहीतरी मागणारे चार-पाच जण नक्की असणार. सगळं वाचायचा जीव नाही. अजून एकही ग्रुप उघडलेला नाही. सुरुवात कुठून करू?

नाना_सांगली
माझाही फोन असाच भरला होता. सेटिंग्जमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन मोठे व्हिडिओ आधी उडवा. फोन पळायला लागेल.

डोंगरवाट
नाना, जागा भरपूर आहे हो. मला माझी कामं शोधायची आहेत.

केतन_के
सोपं आहे. ग्रुप उघडा, उजव्या कोपऱ्यात खाली @ चा गोल दिसेल. तो दाबत गेलात की तुम्हाला टॅग केलेले मेसेज एकेक करून समोर येतात. चुकून एकदम तळाला गेलात तर चॅट पुन्हा अनरीड करा, @ परत येतो.

मृण्मयी_पी
पहिला भाग बरोबर, दुसरा नाही. अनरीड केल्यावर यादीत फक्त ठिपका येतो. कुठपर्यंत वाचलं होतं ती खूण आणि तो @ परत मिळत नाही. म्हणून डोंगरवाट, अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच ग्रुप उघडा. लॅपटॉपवर उघडलात तरी फोनवर वाचलेलाच धरला जातो. तुमच्या जुन्या मेसेजला कुणी उत्तर दिलं असेल तर तेही त्या @ मध्ये येतं.

पण खरी गोम पुढे आहे. सोसायटीत लोक टॅग करत नाहीत. "खजिनदारांनी बघावं", "कमिटी झोपली का" असं लिहून मोकळे होतात. त्यामुळे @ संपला की ग्रुपमधल्या सर्चमध्ये स्वतःचं नाव टाका, मग पद, फ्लॅट नंबर आणि तुमच्याकडे जे मागतात ते शब्द: पावती, चेक, सही. प्रत्येक शब्द दोन्ही लिप्यांत शोधा. "पावती" टाकलं तर "pavti" आणि "receipt" सापडत नाहीत.

आणि सापडल्या सापडल्या उत्तर देऊ नका. मेसेजवर स्टार मारा, त्याच्या खालचं बोलणं वाचा, मग ठरवा. आठ दिवसांत निम्मी कामं दुसऱ्या कुणीतरी उरकलेली असतात.

वर्षा_डोंबिवली
आमच्या ग्रुपवर सात दिवसांनी मेसेज आपोआप जातील अशी सोय लावलेली आहे. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या गडबडीत मी नऊ दिवस व्हॉट्सअॅप उघडलंच नाही. परत आले तर पहिल्या दोन दिवसांतलं काहीच नाही! न वाचलेलेही जातात म्हणे. भिशीचे पैसे कुणाकडे द्यायचे ते त्यातच होतं.

मृण्मयी_पी
हो, वाचलं-न वाचलं काही बघत नाही. ग्रुपच्या नावावर टॅप केलं की सोय चालू आहे का ते कळतं. तुमच्यासारख्या वेळी ग्रुपवरच विचारावं, "सोमवार-मंगळवारचं माझ्यासाठी काही राहिलंय का?"

डोंगरवाट
करून बघितलं. सोसायटीच्या ग्रुपवर @ ने तीन मेसेज दिले, त्यातले दोन वाढदिवसाच्या शुभेच्छा. तिसऱ्यात बी-२०४ च्या काकांना थकबाकी नसल्याचा दाखला हवा होता, सोमवारी. मी लगेच लिहायला बसणार होतो, पण खाली वाचलं तर बुधवारी सेक्रेटरींनी देऊनही टाकलाय. "pavti" वर दोन जण सापडले, त्यांच्या पावत्या आजच देतो.

सगळ्यात महत्त्वाचं "सही" वर निघालं. टाकी धुणाऱ्याचा चेक सेक्रेटरींनी सही करून ठेवलाय आणि "दुसरी सही बाकी आहे" एवढंच लिहिलंय. ना नाव, ना टॅग. माणूस पाच दिवस पैशांसाठी थांबलाय. आधी तिकडेच गेलो.

केतन_के
आता ग्रुपवर एक मेसेज टाका, "बाहेरगावी होतो, उशिराबद्दल क्षमस्व." म्हणजे विषय संपला.

मृण्मयी_पी
संपत नाही हो, त्यावर "ट्रेक कसा झाला"चे वीस मेसेज येतात आणि पावतीवाला पुन्हा वर ढकलला जातो. ज्याचं काम आहे त्याचा मेसेज उजवीकडे सरकवून त्यालाच उत्तर द्यावं.

केतन_के
पण ज्यांनी "कमिटी झोपली का" लिहिलंय त्यांना कळायला नको?

नाना_सांगली
कळू द्या की. आमच्याकडे न सांगता गेलं तर लोक घरी येऊन दार वाजवतात.

डोंगरवाट
तो निर्णय संध्याकाळी घेतो. चेअरमनसाहेबांच्या अकरा व्हॉइस नोट आहेत, त्या कुठल्याच शब्दाने सापडल्या नाहीत. चहा ठेवलाय, ऐकायला बसतोय.