मदत हवी आहे: आधी ग्रुपने भेटायचं, पण बेत कसा आखू?

आमच्या गायनाच्या क्लासमधली एक मुलगी मला आवडते. बोलणं होतं, पण क्लासपुरतंच. थेट "दोघंच भेटू या का?" विचारलं तर ती अवघडेल, म्हणून आधी पाच-सहा जणांनी मिळून कुठेतरी जावं असं डोक्यात आहे. चारच जण नकोत. दोन जोड्या पाडल्यासारखं दिसतं. तिची जवळची मैत्रीण हवीच, म्हणजे तिला परकं वाटणार नाही.

सिनेमा मी बाद केलाय, तीन तास अंधारात गप्प बसून काय ओळख होणार? प्रदर्शन बरं वाटतं. चालता चालता माणसं आपोआप पुढे-मागे होतात, दहा मिनिटं सहज बोलता येतं आणि तिला नको असेल तर ती दुसऱ्यांकडे वळू शकते.

अडलंय ते इथे: बाकीच्यांना खरं कारण सांगू का? सांगितलं तर मुद्दाम आम्हाला एकटं सोडतील, चिडवतील (आमची गँग तशीच आहे). नाही सांगितलं तर कुणीतरी पूर्ण वेळ मध्येच असणार. एकालाच विश्वासात घेऊ का? आणि गप्पा रंगल्या, तर पुढचं तिथेच विचारावं की दोन दिवसांनी मेसेज करून?