कीटोनचा CH₂ करायचाय: जस्त-आम्ल की हायड्राझीन-पोटॅश?

रसायनी: ॲनिसोल आणि सक्सिनिक अनहायड्राइडपासून फ्रीडेल-क्राफ्ट्स करून ४-(४-मेथॉक्सिफेनिल)-४-ऑक्सोब्युटेनॉइक आम्ल केलंय. हातात २०.८ ग्रॅम आहे, म्हणजे ०.१ मोल. रिंगला लागून असलेल्या कार्बोनिलचा CH₂ करायचाय. पुढे टेट्रालोन बनवायचंय. गाइड म्हणतात क्लेमेन्सन लाव, सीनियर म्हणते वोल्फ-किश्नर. मेथॉक्सी कुठे टिकेल?

खटपट्या: क्लेमेन्सन, डोळे झाकून. आम्लच बनवायचंय तर आम्लाला कशाला घाबरायचं? आणि हायड्राझीनचा मार्ग तुझ्या रेणूला मुळातच बंद आहे. कीटोन आणि COOH यांच्यात दोनच कार्बन आहेत. हायड्राझीनचा एक नायट्रोजन कीटोनवर बसेल, दुसरा COOH वर, आणि सहा जणांचं कडं बंद होईल. डायहायड्रोपिरिडाझिनोन हातात येईल. मग बसा ते उकळत.

भट्टीवाले काका: कडं बंद होतं हे खरं, पण कधी ते बघ. हायड्राझीन आणि मोकळं आम्ल अल्कोहोलमध्ये उकळलंस तर नक्की होतं, लोक पिरिडाझिनोन तसंच बनवतात. इथे भांड्यात सुरुवातीपासून पोटॅश असतो. COOH चा कार्बोक्सिलेट झालेला असतो आणि त्यावर हायड्राझीन सहसा चढत नाही. हुआंग-मिनलॉनने १९४६ साली जी सुधारणा मांडली, तिच्यात याच सांगाड्याचं फिनॉक्सीवालं कीटो-आम्ल होतं आणि उतारा ९५ टक्क्यांच्या आसपास होता. तेव्हा "मुळातच बंद" वगैरे नको.

रसायनी, तुझ्या ०.१ मोलला साधारण हे लागेल: डायइथिलीन ग्लायकॉल १३५ मिली, पोटॅश २० ग्रॅम, ८५ टक्के हायड्राझीन हायड्रेट १४ मिली. आधी दीड तास रिफ्लक्स. थर्मामीटर १३०-१४० च्या आसपास घुटमळत राहील आणि बबलरमधून फारसं काही निघणार नाही. बरेच जण इथेच "रिॲक्शन होत नाही" म्हणून गॅस बंद करतात. हायड्राझोन तयार झालेला असतो, पण भांड्यातलं पाणी आणि जादा हायड्राझीन तापमान वर जाऊ देत नाही. कंडेन्सर खाली तोंड करून लाव आणि ते दोन्ही ऊर्ध्वपातनाने काढून टाक. आतलं तापमान १९५ ला आलं की कंडेन्सर पुन्हा उभा लाव. मग बुडबुडे सुरू होतील. चार तास तिथेच ठेव.

तो वायू म्हणजे नायट्रोजन, आणि तो मोजता येतो. ०.१ मोलला खोलीच्या तापमानाला साधारण २.४ लिटर. पाण्यात उलटा धरलेला मोठा सिलिंडर पुरतो. १९५ ला स्थिर झाल्यावर मोजायला घे, नाहीतर तापताना पसरलेली हवाही हिशोबात येईल. सव्वा लिटरवर थांबलं तर समज, अर्धा माल अजून हायड्राझोन आहे किंवा ॲझाइन होऊन बसलाय. आणि मोजताना नळी पाण्यात ठेवून गॅस कमी करू नकोस, पाणी उलटं आत ओढलं जाईल.

मीना_ऑर्गॅनिक: NaBH₄ का नाही? खोलीच्या तापमानाला, तासाभरात होईल. एवढा आटापिटा कशाला?

भट्टीवाले काका: ताई, त्याने अल्कोहोल मिळेल. त्याला CH₂ हवाय. शिवाय इथे COOH च्या कार्बनपासून मोजलं तर चौथ्या कार्बनवर अल्कोहोल बसतं, ॲसिडिफाय केलं की लॅक्टोन होऊन मोकळा. त्या लॅक्टोनला पॅलेडियमवर हायड्रोजन देऊन तोडता येतं, पण तो वेगळा रस्ता झाला.

धूळपाटी: माझा अनुभव वेगळा. माझ्या कीटोनच्या शेजारी फ्युरान होता. सीनियरच्या सांगण्यावरून अमाल्गम आणि कडक HCl लावलं. संध्याकाळपर्यंत तपकिरी पाणी, सकाळी भिंतीला चिकटलेलं डांबर. तेव्हापासून मी अल्कलीवाली. ॲसिटाल, फ्युरान, असलं काही रेणूत असेल तर आम्लाकडे बघायचंच नाही.

खटपट्या: तिच्या रेणूत फ्युरान नाहीये! तिच्याकडे मेथॉक्सी आहे आणि प्रश्न मेथॉक्सीचा आहे. काका, पोटॅश ग्लायकॉलमध्ये दोनशे अंशाला. ॲरिल मिथाइल ईथर तोडायला लोक हेच वापरतात की नाही?

भट्टीवाले काका: वापरतात. म्हणून तर तापमान १९५ च्या वर नेऊ नकोस म्हणतो, आणि नायट्रोजन थांबला की "अजून दोन तास असू दे" असं करायचं नाही. पण तुझ्या बाजूलाही ते आहेच. क्लेमेन्सनमध्ये HCl सोबत तीस-तीस तास उकळायचं, त्यातही थोडं मेथॉक्सी फिनॉल होतं. तिथे जुनी रीत अशी की शेवटी अल्कलीत डायमिथाइल सल्फेट देऊन परत मिथाइल लावायचं. म्हणजे "कुठे टिकेल" याचं उत्तर दोन्हीकडे "बहुतेक" असंच आहे.

खटपट्या: बरं, पण मग डायमिथाइल सल्फेट हाताळा, हायड्राझीन हाताळा, विषच विष. माझ्याकडे निदान सरळ आहे: ४३ ग्रॅम जस्त, त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं मर्क्युरिक क्लोराइड, पाणी, थोडं HCl, पाच मिनिटं हलवायचं, पाणी ओतून द्यायचं. वर पाणी, कडक HCl ६० मिली आणि टोल्युइन ३५ मिली. दर सहा तासांनी पंधरा-वीस मिली HCl. टोल्युइन विसरायचं नाही. कीटोन त्यात राहतो आणि खालच्या आम्लात थोडा थोडाच उतरतो, म्हणून जस्ताच्या पृष्ठभागावर दोन रेणू एकमेकांना चिकटत नाहीत. टोल्युइनशिवाय केलं की दुप्पट वजनाचा चिकट गाळ येतो.

धूळपाटी: आणि ते पारा लागलेलं जस्त टाकायचं कुठे? आमच्याकडे वेस्टवाले ते घेतच नाहीत.

खटपट्या: तुमच्या पोटॅशने काचेचे जॉइंट चिकटतात त्याचं काय?

भट्टीवाले काका: ग्रीस लावा किंवा टेफ्लॉनची बाही घाला. आणि खाली काढलेल्या पाण्यात हायड्राझीन असतं, ते बेसिनमध्ये ओतू नका. पाऱ्याबाबत धूळपाटी म्हणते ते बरोबर आहे. माझ्यासाठी पारडं तिथेच झुकतं. नाहीतर रसायनशास्त्राच्या हिशोबाने या रेणूवर दोघेही चालतात.

रसायनी: फिनॉल किती झालं ते कळणार कसं? दोन्ही आम्लंच, मग बायकार्बोनेटने वेगळी निघणार नाहीत ना?

भट्टीवाले काका: नाही निघणार. प्रोटॉन NMR घे. ३.८ च्या आसपासचा OCH₃ चा सिंगलेट आणि सुगंधी चार प्रोटॉन यांचं प्रमाण ३:४ हवं. २.७:४ आलं तर दहा टक्के मिथाइल गेला. तो आकडा हातात आल्याशिवाय डायमिथाइल सल्फेटची बाटली उघडू नकोस. आणि IR मध्ये कीटोनची १६७५ ची पट्टी गेली की नाही ते बघताना आम्लाच्या १७०० च्या पट्टीत फसू नकोस, दोन्ही जवळजवळ असतात.

खटपट्या: आणि ५ ग्रॅम माझ्या पद्धतीने करून बघ, रसायनी. मग इथे दोन्ही NMR टाक. काकांना दाखवतो.